अस्थिरतेचे वार्षिकीकरण

अस्थिरतेचे वार्षिकीकरण म्हणजे एखाद्या समभागाच्या, निर्देशांकाच्या वा अन्य मालमत्तेच्या दैनिक परताव्यांवरून काढलेली अस्थिरता एका वर्षाच्या मापात व्यक्त करणे. त्यासाठी दैनिक अस्थिरतेला वर्षातील व्यवहाराच्या दिवसांच्या संख्येच्या वर्गमूळाने गुणण्याची पद्धत आहे. या पद्धतीस *काळाच्या वर्गमूळाचा नियम* असे म्हणतात. ऑप्शनच्या किमती, म्युच्युअल फंडांच्या पत्रकांतील प्रमाण विचलन आणि इंडिया व्हिक्ससारखे निर्देशांक या सर्वांत अस्थिरता सहसा वार्षिक टक्क्यांत सांगितली जाते. त्यामुळे हा नियम वित्तक्षेत्रात पावलोपावली वापरला जातो. मात्र तो काही विशिष्ट गृहीतकांवर उभा आहे. ती गृहीतके ढळली की गुणाकार अचूक असूनही उत्तर चुकते.

## नियम आणि त्यामागील कारण

अस्थिरता म्हणजे परताव्यांचे प्रमाण विचलन. परतावे आपल्या सरासरीपासून सामान्यतः किती दूर जातात, हे त्यावरून कळते. प्रमाण विचलनाच्या वर्गास *प्रचरण* म्हणतात. नियमाचे सारे रहस्य या दोन राशींमधील फरकात आहे. स्वतंत्र घटना एकत्र केल्या असता त्यांच्या प्रचरणांची बेरीज होते, प्रमाण विचलनांची होत नाही.

नाणेफेकीच्या उदाहरणाने हे ध्यानात येईल. छापा पडला तर एक पाऊल पुढे आणि काटा पडला तर एक पाऊल मागे जायचे, असे ठरवू. एका फेकीनंतर आपण आरंभस्थानापासून एक पाऊल दूर असतो. दोन फेकींनंतर चार शक्यता उरतात : दोन पावले पुढे, दोन पावले मागे आणि दोन वेळा पुन्हा मूळ जागी. या चार अंतरांचे वर्ग ४, ४, ० आणि ० असून त्यांची सरासरी २ येते, तिचे वर्गमूळ सुमारे १.४१. काळ दुप्पट झाला, पण अंतराचा फैलाव दुप्पट न होता १.४१ पट झाला. चार फेकींनंतर अंतराच्या वर्गांची सरासरी ४ भरते, म्हणजे फैलाव २ पावले. पुढे गेलेले पाऊल आणि मागे आलेले पाऊल एकमेकांना अंशतः छेदतात, म्हणून फैलाव काळाच्या मानाने मंद गतीने वाढतो.

शेअर बाजाराच्या संदर्भात हे निरीक्षण बरेच जुने आहे. झ्यूल रेन्यो या फ्रेंच लेखकाने १८६३ मध्ये पॅरिसच्या बाजाराविषयी लिहिताना किमतींतील विचलन काळाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते, असे मांडले होते. पुढे १९०० मध्ये लुई बाशेलिए यांनी सट्ट्याच्या सिद्धांतावरील आपल्या प्रबंधात त्याला पक्की गणिती बैठक दिली.

नियम पुढीलप्रमाणे लिहिता येतो :

```
वार्षिक अस्थिरता = दैनिक अस्थिरता × √(वर्षातील व्यवहाराचे दिवस)
```

## गणनेची पद्धत

प्रथम लागोपाठच्या दिवसांचे बंद भाव घेऊन प्रत्येक दिवसाचा परतावा काढतात. त्यासाठी आजच्या भावास कालच्या भावाने भागून त्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगरिदम घेणे सोयीचे असते, कारण अशा परताव्यांची सरळ बेरीज केली की संपूर्ण कालावधीचा परतावा मिळतो. साध्या टक्केवारीत तसे होत नाही. १० टक्के घट आणि त्यानंतर १० टक्के वाढ झाल्यास भाव मूळ जागी येत नाही, तो १ टक्क्याने खालीच राहतो. प्रचरणांच्या बेरजेवर आधारलेल्या नियमाला बेरीज होणारे परतावेच हवेत.

त्यानंतर या परताव्यांचे प्रमाण विचलन काढून वर्गमूळाने गुणतात. परतावे C2 ते C61 या ६० घरांत असतील, तर स्प्रेडशीटमध्ये पुढील सूत्र पुरते :

```
=STDEV.S(C2:C61)*SQRT(250)
```

२५० चे वर्गमूळ सुमारे १५.८ आहे. म्हणून दैनिक अस्थिरता १ टक्का असल्यास वार्षिक अस्थिरता सुमारे १५.८ टक्के येते. उलट दिशेने जाताना बाजारातील जाणकार १६ ने भागतात, कारण १६ हे २५६ चे वर्गमूळ असून तोंडी हिशेबाला सोपे पडते. इंडिया व्हिक्स १६ वर असेल, तर ऑप्शनचे भाव सामान्य दिवशी निफ्टीत साधारण १ टक्क्याच्या हालचालीची अपेक्षा दर्शवितात, असे त्यावरून वाचता येते.

## वर्षात दिवस किती?

सूत्रातील ही संख्या वरवर किरकोळ वाटते, परंतु बराचसा गोंधळ येथूनच सुरू होतो. अमेरिकेत २५२ दिवस धरण्याचा प्रघात आहे. भारतात सणांच्या सुट्ट्या अधिक असल्याने व्यवहाराचे दिवस सुमारे २४५ ते २५० भरतात. या दोन आकड्यांच्या वर्गमूळांत फारसा फरक नाही. राष्ट्रीय शेअर बाजार मात्र आपल्या दैनिक अस्थिरता पत्रकात वार्षिक आकडा काढताना ३६५ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १९.१, वापरतो. त्यामुळे १ टक्का दैनिक अस्थिरता तेथे १९.१ टक्के दिसते, तर २५० दिवस धरून हिशेब करणाऱ्यास तीच १५.८ टक्के दिसते. बाजार तोच आणि भावही तेच असताना दोन आकड्यांत सुमारे एकपंचमांश तफावत पडते. विद्यार्थ्याने स्वतः काढलेली अस्थिरता पत्रकाशी जुळली नाही, तर भाव तपासण्याआधी हा गुणक तपासावा.

यांतील अधिक योग्य गुणक कोणता, हा केवळ संकेताचा प्रश्न नाही. ३६५ धरणे म्हणजे बाजार बंद असतानाही किंमत तेवढ्याच जोमाने हलत असते असे मानणे होय. तसे असते तर शुक्रवारच्या बंद भावापासून सोमवारच्या बंद भावापर्यंतचे प्रचरण एरवीच्या एका दिवसाच्या तिप्पट भरले असते. केनेथ फ्रेंच आणि रिचर्ड रोल यांनी १९८६ मध्ये अमेरिकी समभागांवर हे तपासले, तेव्हा ते जेमतेम १०.७ टक्क्यांनी अधिक आढळले. शनिवार-रविवारी बातम्याच कमी येतात, असा आक्षेप यावर घेता येतो. त्यासाठी त्यांनी १९६८ सालाचा आधार घेतला. त्या वर्षाच्या उत्तरार्धात कागदपत्रांचा ढीग उपसण्यासाठी न्यूयॉर्कचा बाजार अनेक बुधवारी बंद ठेवण्यात आला होता. बुधवार हा इतर सर्वांसाठी कामाचा दिवस असूनही, तो मध्ये आलेल्या दोन दिवसांचे प्रचरण दुपटीच्या जवळपासही गेले नाही. किमती मुख्यतः व्यवहार चालू असताना हलतात, असा याचा अर्थ आहे. म्हणून दैनिक बंद भावांवरून अस्थिरता काढली असेल, तर गुणकही व्यवहाराच्या दिवसांचा असणे सयुक्तिक ठरते. ३६५ चा गुणक वापरायचा झाल्यास परत दैनिक आकड्यावर येतानाही ३६५ चेच वर्गमूळ वापरावे, म्हणजे निदान विसंगती राहणार नाही.

## परतावे परस्परांशी निगडित असल्यास

प्रचरणांची सरळ बेरीज तेव्हाच करता येते, जेव्हा आजच्या परताव्याचा उद्याच्या परताव्याशी सहसंबंध नसतो. वाढीनंतर पुन्हा वाढ होण्याकडे कल असेल, तर पावले एकमेकांना पुरेशी छेदत नाहीत आणि खरा वार्षिक फैलाव नियमाने दिलेल्या आकड्यापेक्षा मोठा असतो. वाढीनंतर घट होण्याकडे कल असेल, तर तो लहान असतो.

हा परिणाम किती मोठा असू शकतो ते पाहू. लगतच्या दोन दिवसांचा सहसंबंध ०.२ असून अंतर वाढेल तसा तो ०.०४, ०.००८ असा घटत जातो, असे समजा. अशा वेळी दीर्घ कालावधीचे प्रचरण साध्या बेरजेच्या १.२ भागिले ०.८, म्हणजे दीडपट होते. दीडचे वर्गमूळ सुमारे १.२२. म्हणून १ टक्का दैनिक अस्थिरतेवरून नियम १५.८ टक्के सांगेल, पण खरा आकडा १९.४ टक्क्यांच्या आसपास असेल. सहसंबंध उणे ०.२ असल्यास तो सुमारे १२.९ टक्क्यांवर येईल.

मोठ्या निर्देशांकांच्या दैनिक परताव्यांत असा सहसंबंध सहसा लहान असतो, म्हणून तेथे नियम बऱ्यापैकी चालतो. तरीही तो सर्वत्र नगण्य मानता येत नाही. अँड्र्यू लो आणि क्रेग मॅकिन्ले यांनी १९८८ मध्ये अमेरिकी बाजाराच्या १९६२ ते १९८५ या काळातील साप्ताहिक परताव्यांचा अभ्यास केला. सर्व समभागांना सारखे वजन देणाऱ्या निर्देशांकात लगतच्या आठवड्यांचा सहसंबंध त्यांना ०.३ च्या सुमारास आढळला.

ज्या मालमत्तेचा भाव रोज खऱ्या व्यवहारातून ठरत नाही, तेथे ही अडचण सर्वांत फसवी असते. क्वचित खरेदी-विक्री होणारे कर्जरोखे, मूल्यांककाच्या अंदाजावर चालणारी स्थावर मालमत्ता, काही खासगी फंड ही त्याची उदाहरणे आहेत. समजा, एखाद्या फंडाने जाहीर केलेला आजचा परतावा हा आज आणि काल या दोन दिवसांच्या खऱ्या परताव्यांची सरासरी आहे. खरी दैनिक अस्थिरता १ टक्का असेल, तर जाहीर परताव्यांची ०.७१ टक्के दिसेल. नियमाने वार्षिक आकडा ११.२ टक्के येईल, खरा मात्र १५.८ टक्के आहे. वर्षभराचा एकूण परतावा या सरासरीने जवळजवळ बदलत नाही, म्हणजे गुंतवणूकदाराने सोसलेला धोका तेवढाच राहतो. कागदावर तो सुमारे २९ टक्क्यांनी कमी दिसतो, एवढेच. अशा फंडांचा परतावा जोखमीच्या मानाने फार आकर्षक भासतो, त्याचे एक कारण हे आहे. मासिक परताव्यांतील अशा सहसंबंधामुळे हेज फंडांचे वार्षिक शार्प गुणोत्तर ६५ टक्क्यांपर्यंत फुगलेले दिसू शकते, असे लो यांनी २००२ मध्ये दाखविले.

## अस्थिरताच बदलत असल्यास

बाजारात वादळी दिवस एकामागून एक येतात आणि शांत दिवसही असेच एकत्र येतात. परताव्यांची *दिशा* परस्परांपासून स्वतंत्र असली, तरी त्यांचा *आकार* स्वतंत्र नसतो. येथे एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो, कारण अनेक लेखांत तो निसटतो. केवळ अस्थिरता बदलते म्हणून नियम कोलमडत नाही. बरीच वर्षे मिळून काढलेल्या सरासरी दैनिक अस्थिरतेवर तो लावला, तर चालतो. *आजची* अस्थिरता घेऊन पुढील वर्षाचे अनुमान करू लागलो, की तो बिघडतो. कारण वर्षभर आजच्यासारखेच दिवस येतील, असे आपण न सांगता गृहीत धरलेले असते.

एका निर्देशांकाची दीर्घकालीन दैनिक अस्थिरता १.२ टक्के आहे आणि आजचे प्रचरण त्या सरासरीपासून जितके दूर असेल, ते अंतर दररोज ५ टक्क्यांनी आटते, असे मानू. आज घबराटीमुळे दैनिक अस्थिरता ४ टक्के आहे. नियमाने वार्षिक आकडा ६३ टक्के येतो. आता प्रचरणांत मोजू. आजचे प्रचरण १६, दीर्घकालीन १.४४, अंतर १४.५६. हे अंतर रोज आटत गेल्यास २५० दिवसांतील त्याची सरासरी मूळच्या अवघी ८ टक्के, म्हणजे १.१६ भरते. वर्षाचे सरासरी दैनिक प्रचरण २.६० आणि त्याचे वर्गमूळ १.६१ टक्के. वार्षिक आकडा सुमारे २५.५ टक्के येतो. नियमाने तो अडीच पटींनी फुगविला होता.

शांत दिवसांत चूक उलट दिशेने होते. आजची दैनिक अस्थिरता ०.५ टक्के असेल, तर नियम वार्षिक ७.९ टक्के सांगतो. वरच्याच पद्धतीने मोजल्यास १८ टक्क्यांहून थोडी अधिक येते. पहिली चूक माणसाला नाहक भिवविते, दुसरी त्याला प्रमाणाबाहेर कर्ज काढून सौदे करण्यास उद्युक्त करते. प्रस्तुत लेखकाच्या मते दुसरी अधिक घातक आहे, कारण ती होत असताना सर्व काही ठीक दिसत असते.

फ्रान्सिस डायबोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये नेमका हाच दोष दाखवून दिला. कालावधी लांबेल तसे अस्थिरतेतील चढउतार सौम्य व्हायला हवेत, परंतु वर्गमूळाने गुणल्यास ते जसेच्या तसे मोठे होऊन पुढे येतात. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९९६ मध्ये, बँकांच्या बाजार-जोखमीसंबंधी बाझेल समितीने केलेल्या दुरुस्तीत एका दिवसाच्या संभाव्य तोट्यास १० च्या वर्गमूळाने गुणून दहा दिवसांचा तोटा काढण्याची मुभा दिली होती. दहा दिवसांत ही चूक वर्षाइतकी वाढत नाही. तथापि तेथे आणखी एक प्रश्न उद्भवतो. नियम प्रमाण विचलनाविषयी आहे, क्वचित घडणाऱ्या मोठ्या तोट्याविषयी नाही. परतावे प्रसामान्य वितरणाचे असतील तरच दोन्ही एकाच गुणकाने वाढतात. अचानक उड्या घेणाऱ्या किमतींना ती हमी देता येत नाही.

## मार्च २०२० मधील निफ्टीचे उदाहरण

टाळेबंदीच्या सुमाराचा एक आठवडा या संदर्भात पाहण्यासारखा आहे. शुक्रवार, २० मार्च २०२० रोजी निफ्टी ५० निर्देशांक ८७४५.४५ वर बंद झाला होता.

| दिनांक | बंद | लॉग परतावा (टक्के) |
|---|---|---|
| २३ मार्च | ७६१०.२५ | −१३.९० |
| २४ मार्च | ७८०१.०५ | +२.४८ |
| २५ मार्च | ८३१७.८५ | +६.४१ |
| २६ मार्च | ८६४१.४५ | +३.८२ |
| २७ मार्च | ८६६०.२५ | +०.२२ |

सरासरी शून्य धरून पाचही परताव्यांच्या वर्गांची सरासरी काढली, तर ती सुमारे ५१ येते आणि दैनिक अस्थिरता ७.१ टक्के भरते. २५० दिवसांच्या गुणकाने ती वार्षिक ११३ टक्के होते, ३६५ च्या गुणकाने १३६ टक्के. पाच दिवसांसाठी ५ च्या वर्गमूळाने गुणले तर १६ टक्के. प्रत्यक्षात शुक्रवार ते शुक्रवार निर्देशांक सुमारे १ टक्काच खाली आला, कारण सोमवारची घसरण पुढील चार दिवसांनी जवळजवळ भरून काढली.

एका आठवड्यावरून नियम खोटा ठरत नाही. १६ टक्के प्रमाण विचलन असलेल्या वितरणातून १ टक्क्याची हालचाल येणे मुळीच असंभव नाही. उदाहरणाचा उपयोग निराळा आहे. ११३ टक्के हा आकडा त्या पाच दिवसांच्या तीव्रतेचे वार्षिक एककात केलेले वर्णन आहे. वाहनाचा वेग एका क्षणी ताशी १०० किलोमीटर असला, म्हणून ते तासाभरात १०० किलोमीटर जाईलच असे कोणी म्हणत नाही, तसेच हे. बाजारालाही हे ठाऊक होते. इंडिया व्हिक्स २४ मार्च रोजी ८० च्या वर बंद झाला. तो आकडा असाधारण होता, पण पुढील ३० दिवसांच्या अपेक्षेचा असल्यामुळे वरील दोन्ही आकड्यांपेक्षा बराच कमी होता.

## मूळ पातळीकडे परतणाऱ्या राशी

व्याजदर, विजेचे घाऊक दर किंवा खुद्द इंडिया व्हिक्स या राशी समभागांच्या भावांसारख्या मुक्तपणे भटकत नाहीत. त्या एखाद्या पातळीभोवती फिरतात आणि दूर गेल्यास मागे ओढल्या जातात. त्यांचा फैलाव काही काळ वाढून मग थांबतो, काळाचे वर्गमूळ मात्र वाढतच राहते. व्हिक्समध्ये रोज ५ टक्क्यांची हालचाल होते असे धरले, तर नियमाने वार्षिक अस्थिरता ७९ टक्के आणि चार वर्षांची १५८ टक्के येईल. ओढ असलेल्या राशीसाठी दुसऱ्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. एक-दोन दिवसांपलीकडे येथे नियम वापरू नये, हेच बरे.

## नियम लागू पडतो की नाही, हे ओळखणे

सर्वांत सोपी कसोटी म्हणजे एकाच कालखंडातील परतावे दैनिक, साप्ताहिक आणि मासिक असे तिन्ही प्रकारे घेऊन त्यांची वार्षिक अस्थिरता अनुक्रमे २५०, ५२ आणि १२ च्या वर्गमूळाने काढणे. नियम लागू असेल तर तिन्ही आकडे जवळपास यावेत. मासिक परताव्यांवरून काढलेला आकडा दैनिकापेक्षा सातत्याने मोठा असेल, तर परतावे एकाच दिशेने ओढले जात आहेत किंवा भाव शिळे आहेत, असा संशय घ्यावा. तो लहान असेल तर राशी मागे परतणारी असण्याची शक्यता असते. लो आणि मॅकिन्ले यांची *प्रचरण-गुणोत्तर कसोटी* याच विचाराचे काटेकोर रूप आहे. पाच दिवसांच्या परताव्याचे प्रचरण एका दिवसाच्या प्रचरणाच्या पाच पटींनी भागले असता उत्तर १ च्या जवळ यावे, अशी तिची अपेक्षा असते.

ही तुलना करताना नमुन्याच्या आकाराचे भान ठेवावे लागते. परतावे प्रसामान्य व स्वतंत्र मानल्यास ६० दिवसांवरून काढलेल्या अस्थिरतेत सुमारे ९ टक्के, तर केवळ १२ महिन्यांवरून काढलेल्या अस्थिरतेत सुमारे २० टक्के प्रमाण त्रुटी असते. म्हणजे दैनिक परताव्यांवरून १६ आणि एका वर्षाच्या मासिक परताव्यांवरून १९ टक्के आले, तर तेवढ्या फरकावरून काहीच सिद्ध होत नाही. कसोटीला अर्थ यायचा असेल, तर मासिक परतावे निदान काही वर्षांचे असावे लागतात. आणि एवढ्या दीर्घ काळात अस्थिरतेची पातळीही एकदा-दोनदा बदललेली असू शकते.